चार छेद, दोन आवाज: हृदयचक्राची आकृती वाचायची कशी

"सर, मी बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, गाव दारव्ह्याकडचं. हृदयचक्राची आकृती पाठ करते अन् दुसऱ्या दिवशी विसरते. कोणती झडप कधी उघडते, दाब आणि आकारमान कसं बदलतं, लब-डब नेमका कशाचा, हे एकदा नीट सांगा ना. झडप उघडताना आवाज येत नाही असं पुस्तकात आहे, पण वॉर्डात एका बाईच्या छातीत उघडतानाही आवाज येतो म्हणे. मग खरं काय?"

पाठ करणं आधी थांबव. त्या आकृतीत लक्षात ठेवण्यासारखे तीन दाब आहेत आणि एक नियम. बाकी सगळ्या रेघा त्यातून आपोआप निघतात. नियम असा की झडपेला स्वतःचा स्नायू नसतो, तिला कोणी आदेशही देत नाही. मागच्या बाजूचा दाब वाढला की ती उघडते, पुढच्या बाजूचा वाढला की मिटते.

तुमच्या वावरातल्या विहिरीवरच्या मोटारीला फूट व्हॉल्व्ह असतो, ज्याला गावात सगळे फुटबॉलच म्हणतात. मोटार ओढते तेव्हा खालून पाणी त्याला उचलून वर जातं. मोटार बंद केली की पाणी लगेच थांबत नाही, चालत्या वेगात क्षणभर वर जात राहतं, मग थबकतं, मागे फिरतं, आणि त्या परतणाऱ्या पाण्यानं व्हॉल्व्ह बसतो. पाइप लांब असेल तर त्या वेळी विहिरीतून 'ठप्प' असा आवाज येतो आणि पाइप हातात धरला तर हादरतो. रात्रपाळीच्या लाईनवर ओलीत करणाऱ्या कोणालाही विचार, मोटार बंद झाल्याचं त्याला त्या आवाजावरूनच कळतं. व्हॉल्व्ह उघडताना मात्र कधी आवाज आलेला आठवतो का? नाही. पाणी हळूहळू सुटत जातं, त्यात आपटण्यासारखं काही नसतं. मिटताना मात्र चालता प्रवाह एकदम अडतो. हृदयाचा आवाजही असाच. नुसती पाकळीवर पाकळी आपटून तो होत नाही. झडप मिटल्यावर अडलेलं रक्त, ताणलेली झडप आणि भोवतालची भिंत असं सगळं मिळून थरथरतं, ती थरथर आपण ऐकतो.

आता वही घे. फक्त डावी बाजू काढायची, कारण तिथे आकडे मोठे आहेत आणि रेघा एकमेकींपासून लांब दिसतात. वरचा कप्पा डावं अलिंद, म्हणजे एट्रियम. खालचा डावं निलय, म्हणजे व्हेंट्रिकल. त्यातून निघणारी मोठी नळी महाधमनी. अलिंद आणि निलय यांच्यामध्ये मायट्रल झडप, निलय आणि महाधमनी यांच्यामध्ये एओर्टिक झडप. अलिंदातला दाब दिवसभर ८ मिमी पाऱ्याच्या आसपास थोडा वरखाली होत राहतो. महाधमनीतला दाब ८० आणि १२० च्या मध्ये खेळतो. आणि निलय? ते एकटंच तळापासून शेंड्यापर्यंत जातं. भरताना ते अलिंदाच्या बरोबरीनं खाली असतं, आकुंचनात १२० पर्यंत चढतं, पुन्हा खाली येतं.

म्हणून आधी दोन जवळजवळ सपाट रेघा ओढ, एक खाली ८ वर अलिंदाची, एक वर ८० च्या आसपास महाधमनीची. मग खालून निघून दोन्ही ओलांडणारा आणि परत उतरणारा एक डोंगर काढ, तो निलयाचा. हा डोंगर चढताना दोन ठिकाणी आणि उतरताना दोन ठिकाणी रेघांना छेदतो. एकूण चार छेद. प्रत्येक छेदापाशी एक झडप आपली स्थिती बदलते, आणि तेवढंच हृदयचक्र आहे. परीक्षेत आकृती रंगवण्यात वेळ घालवण्यापेक्षा हे चार छेद ठळक टिंबानं दाखव.

पहिल्या छेदाच्या आधी काय चाललंय ते पाहू. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एक चक्र ०.८ सेकंदाचं. त्यात निलयाचं आकुंचन, म्हणजे सिस्टोल, सुमारे ०.३ आणि शिथिल काळ, म्हणजे डायस्टोल, सुमारे ०.५. डायस्टोलच्या शेवटी मायट्रल उघडीच आहे, रक्त अलिंदातून निलयात उतरतं आहे. शेवटच्या ०.१ सेकंदात अलिंद आकुंचन पावतं आणि उरलेला साधारण पाचवा हिस्सा आत ढकलतं. लोकांना वाटतं अलिंदच निलय भरतं. तसं नाही, बहुतेक रक्त त्याआधीच आपसूक उतरलेलं असतं. आता निलयात सुमारे १२० मिली रक्त आहे, दाब ८ च्या जवळपास.

निलय आवळायला लागतं. दाब अलिंदापेक्षा जरासा वर गेला, हा पहिला छेद, आणि मायट्रल मिटली. अडलेलं रक्त आणि भिंत थरथरली, तो 'लब', पहिला आवाज. एओर्टिक अजून बंदच आहे, कारण पलीकडे ८० चा दाब उभा आहे आणि निलयात अजून तेवढा झालेला नाही. म्हणजे दोन्ही दारं बंद, खोली आवळली जातेय. रक्ताला जायला जागा नाही, म्हणून आकारमान १२० वरच थांबलेलं आणि दाब मात्र सरळ उभा चढतो. हा काळ फक्त ०.०५ सेकंदाचा, पण परीक्षक इथेच अडवतात. याला समआयतनी आकुंचन म्हणतात. नाव पाठ नसलं तरी चालेल, 'दोन्ही दारं बंद' एवढं आठवलं तर दाबाची रेघ उभी आणि आकारमानाची आडवी का, हे तुला स्वतःलाच सांगता येईल.

इथे एक चूक हमखास होते. मायट्रलला दोऱ्यांनी बांधलेले पॅपिलरी स्नायू असतात, आणि बहुतेक मुलं लिहितात की ते स्नायू आवळून झडप बंद करतात. ते बंद करत नाहीत. झडप दाबानंच मिटते. हे स्नायू आणि दोऱ्या दाव्याचं काम करतात, १२० च्या दाबाखाली पाकळी उलटून अलिंदात जाऊ नये म्हणून तिला धरून ठेवतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हा स्नायू तुटला तर झडप मिटते पण धरली जात नाही, पाकळी मागे उलटते आणि रक्त अलिंदात उसळतं. माणूस काही तासांत धापा टाकायला लागतो. दावं तुटलं की काय होतं ते यावरून समज.

दुसरा छेद ८० वर. निलयाचा दाब महाधमनीपेक्षा जरा वर गेला की एओर्टिक उघडते. आवाज नाही. रक्त सुटतं. आकारमानाची रेघ एवढा वेळ आडवी होती, ती आता कोसळते. एका ठोक्याला सुमारे ७० मिली बाहेर जातं आणि त्यातलं बरंचसं, ढोबळ मानानं ७० टक्के, उत्सर्जनाच्या पहिल्या एक तृतीयांश वेळातच निघून जातं. मागे सुमारे ५० मिली उरतं. निलय कधीच रिकामं होत नाही, हे वहीत अधोरेखित कर. १२० पैकी ७० गेले, म्हणजे साधारण ५८ टक्के. इकोच्या रिपोर्टवर 'ईएफ' म्हणून लिहिलेला आकडा तो हाच.

उत्सर्जनाच्या दुसऱ्या अर्ध्यात एक गंमत आहे आणि ती बहुतेक नोट्समध्ये नसते. निलयाचा दाब उतरायला लागतो आणि थोड्याच वेळात महाधमनीपेक्षा किंचित खाली जातो. नियमाप्रमाणे झडप तिथेच मिटायला हवी. पण रक्त अजून पुढे जातच असतं. का? विहिरीतलं पाणी आठव. चालत्या रक्ताला वेग असतो, तो विझायला क्षण लागतो. म्हणून झडप छेदावर नाही, छेदानंतर थोड्या वेळानं, रक्त थबकून मागे फिरू लागल्यावर मिटते. परीक्षेत छेदापाशीच टिंब काढलंस तरी मार्क मिळतील, पण खरं कारण माहीत असलं की महाधमनीच्या रेघेवर दिसणारी बारीक खाच समजते. परतणारं रक्त मिटलेल्या झडपेवर अडतं आणि मागे उसळतं, म्हणून दाबाची उतरती रेघ क्षणभर खचते आणि परत किंचित वर येते. हा तिसरा छेद आणि 'डब', दुसरा आवाज. पहिल्यापेक्षा तो आखूड आणि किंचित उंच सुराचा लागतो, कारण ही झडप ताठ ताणलेली असते आणि झटकन मिटते.

परत दोन्ही दारं बंद. आकारमान ५० वर स्थिर, दाब मात्र शंभराच्या आसपासहून कोसळतो. हा समआयतनी शिथिल काळ, ०.०६ ते ०.०८ सेकंद. एवढ्या वेळात अलिंद रिकामं बसलेलं नाही. मायट्रल बंद असताना फुफ्फुसांकडून रक्त येतच राहिलं, ते साचलं आणि तिथला दाब हळूहळू चढला. निलयाचा दाब या चढलेल्या दाबाच्या खाली गेला की चौथा छेद, आणि मायट्रल उघडते. पुन्हा आवाज नाही. साचलेलं रक्त झपाट्यानं उतरतं, म्हणून आकारमानाची रेघ आधी वेगानं चढते, मग मधे सपाट होते, आणि शेवटी अलिंदाच्या आकुंचनानं थोडी वर जाते. चक्र पूर्ण.

तिसरा आणि चौथा आवाज या भरण्याच्या काळातले आहेत, त्यांच्यात झडपेचा हात नाही. झपाट्यानं येणारं रक्त भिंतीनं एकदम थोपवलं की तिसरा. लहान मुलांत आणि तरुणांत तो निरोगी असतानाही ऐकू येतो, चाळिशीनंतर मात्र निलय थकून फुगलंय का ते बघावं लागतं. अलिंदानं कडक निलयात जोर लावून रक्त ढकललं की चौथा, आणि अलिंद नीट आकुंचन पावत नसेल तर तो येऊच शकत नाही. एवढ्यावर सोडून देऊ.

उजव्या बाजूला नियम तोच, आकडे छोटे. उजव्या निलयाचा दाब २५ पर्यंत जातो, फुफ्फुसधमनीतला २५ आणि १० च्या मध्ये. बाहेर जाणारं रक्त मात्र डाव्याइतकंच, ७० मिली. ते कमी असतं तर रक्त कुठेतरी साचत गेलं असतं. उजव्या निलयाची फुफ्फुसधमनीकडची झडप डावीकडच्या एओर्टिकपेक्षा किंचित उशिरा मिटते. श्वास आत घेतला की छातीत रक्त जास्त येतं, उजव्या निलयाला ते टाकायला वेळ लागतो आणि 'डब' दुभंगतो. श्वास सोडल्यावर परत एक होतो. हे पुढे कामाला येणार आहे.

आता तुझा शेवटचा प्रश्न, कारण चार छेदांची खरी परीक्षा तिथे होते. उघडताना आवाज येणारी बाई म्हणजे बहुधा मायट्रल स्टेनोसिस असलेली. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर संधिवाताचा ताप आला, त्यात झडप सुजली, पुढे काही वर्षांत पाकळ्या कडेनं चिकटत गेल्या. निरोगी मायट्रलचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. दीडपर्यंत आलं की कष्टाच्या कामात दम लागतो. तोंड अरुंद म्हणजे रक्त उतरवायला अलिंदाला जास्त दाब ठेवावा लागतो. खालची आडवी रेघ ८ वरून वर सरकली. बाकी आकृतीला हात लावू नको, फक्त ती एक रेघ वर सरकव आणि छेद परत बघ.

चढताना निलयाला आता ८ नाही, समजा २० ओलांडायचे आहेत. म्हणजे पहिला छेद थोडा उशिरा येतो, आणि तोवर दाबाचा चढ जास्त उभा झालेला असतो. शिवाय अलिंदाचा दाब पाकळ्यांना शेवटपर्यंत उघडं धरून ठेवतो, म्हणून मिटताना त्यांना लांबचा पल्ला वेगानं गाठावा लागतो. पहिला आवाज खणखणीत येतो. टोकाच्या ठोक्याच्या जागी हात ठेवलास तर तो तळव्याला टपलीसारखा लागतो.

उतरताना उलट. निलयाचा दाब ८ पर्यंत उतरायची वाट बघायची गरज नाही, २० वरच चौथा छेद येतो. मायट्रल लवकर उघडते. पाकळ्यांचा मधला भाग अजून लवचीक आहे पण कडा जोडलेल्या आहेत, म्हणून वरच्या दाबानं ढकललेली पाकळी घुमटासारखी खाली फुगते आणि कडांनी अडल्यावर एकदम थबकते, शिडात वारा भरावा तशी. थबकणं आलं की थरथर आली, आणि आवाज आला. याला ओपनिंग स्नॅप म्हणतात. म्हणजे पुस्तकातला नियम मोडलेला नाही. निरोगी झडप उघडताना कुठे अडतच नाही, म्हणून गप्प असते. ही अडते, म्हणून बोलते.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. अलिंदाचा दाब जितका जास्त, तितका चौथा छेद वर आणि तितका लवकर. म्हणून दुसरा आवाज आणि हा स्नॅप यांमधलं अंतर आजाराची तीव्रता सांगतं. सौम्य आजारात ते सुमारे ०.१ सेकंद, तीव्र आजारात ०.०६ च्या आसपास. इतका बारीक फरक कानाला मोजता येत नाही असं वाटेल. पण तोंडानं म्हणून बघ: सावकाश 'ट-टा' आणि घाईनं 'ट्टा'. सराव झाल्यावर जवळ आणि लांब हे कळतं, सेकंद सांगता येत नाहीत एवढंच.

फसवणूक कुठे होते तेही ऐक. झडपेवर चुना साचून पाकळी दगडासारखी झाली की ती फुगतही नाही आणि वेगानं मिटतही नाही. तेव्हा पहिला आवाज दबतो आणि स्नॅप गायब होतो. स्नॅप ऐकू आला नाही म्हणून आजार हलका, असं समजू नकोस. तो फार पुढे गेलेला असू शकतो.

एक हिशोब करून पाहू, कारण अशा बाया दवाखान्यात कधी येतात हे त्यातून कळतं. पंचविशीची बाई, झडप अरुंद, पण घरकाम आणि निंदण-खुरपण रेटून नेते. नाडी ७५. मिनिटाला ५.२५ लिटर रक्त फिरतं, म्हणजे ठोक्याला ७० मिली. ते उतरायला तिच्या डायस्टोलमध्ये साधारण ०.४३ सेकंद मिळतात, म्हणजे सेकंदाला १६३ मिलीचा प्रवाह. त्यासाठी झडपेच्या दोन बाजूंत ६ मिमीचा फरक लागतो असं धरू. निलयाचा दाब ८, त्यात ६ मिळवले, अलिंदाचा दाब १४. फार नाही, म्हणून तिला त्रास जाणवत नाही.

आता ती सात महिन्यांची गरोदर आहे आणि कापूस वेचणीला जाते आहे. गरोदरपणात फिरणारं रक्त ३० ते ५० टक्क्यांनी वाढतं. ४० धरले तर मिनिटाला ७.३५ लिटर. नाडी १२० झाली. चक्र ०.५ सेकंदाचं. इथे लक्षात ठेव की नाडी वाढली की सिस्टोल थोडाच आखडतो, डायस्टोल मात्र भराभर कापला जातो. २०० ठोक्यांना सिस्टोल अजून ०.१६ सेकंद टिकून असतो आणि डायस्टोल ०.१४ वर येतो. हिच्या बाबतीत १२० ला भरायला सुमारे ०.२ सेकंद उरले. ठोक्याला ६१ मिली, ०.२ सेकंदात, म्हणजे सेकंदाला ३०६ मिली. प्रवाह १.९ पट झाला. अरुंद तोंडातून प्रवाह वाढवायचा तर लागणारा दाबफरक त्या पटीच्या वर्गानं वाढतो. १.९ चा वर्ग साडेतीनच्या जवळ, म्हणून ६ चे २१ झाले. अलिंदाचा दाब ८ अधिक २१, म्हणजे २९. फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांत २५ च्या वर दाब गेला की पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपायला लागतं. झडप कालच्याइतकीच अरुंद आहे, तिच्यात काहीही बदललं नाही, तरी ही बाई आज आडवी झोपू शकत नाही आणि खोकल्यातून गुलाबी फेस येतो.

आकडे ढोबळ आहेत, पण दिशा खरी आहे. म्हणूनच अशा रुग्णाला डॉक्टर बीटा ब्लॉकर देऊन नाडी मुद्दाम खाली आणतात. भरण्याचा वेळ परत मिळवून देणं हा त्यातला हेतू. नाडी ११० च्या वर दिसली, दम लागतोय, आडवं पडवत नाही, तर 'पोटात बाळ आहे, दम लागणारच' म्हणून सोडू नकोस. बसतं कर, पाय खाली सोडायला सांग, ऑक्सिजन लाव, सिनियरला लगेच कळव. आणि सलाइन धो-धो सोडू नकोस, आधीच तुंबलेल्या ठिकाणी ते आणखी ओतल्यासारखं होईल. अशा बाईचं अलिंद फुगून त्याची लय बिघडली, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन झालं, तर शेवटचा पाचवा हिस्साही जातो आणि नाडीही पळते. दोन्ही बाजूंनी मार. नाडी मनगटावर बेताल लागली की इसीजी काढायला उशीर करू नये तो यासाठी.

आता कानानं कसं ओळखायचं ते. आधी पहिला आणि दुसरा आवाज वेगळा करायला शीक, नाहीतर पुढचं सगळं उलटं लागेल. मानेतल्या नाडीवर हलकं बोट ठेव. बोटाला धक्का लागतो त्याच्या किंचित आधी जो आवाज येतो तो पहिला. मनगटाची नाडी वापरू नकोस, तिथे लाट पोचायला वेळ लागतो आणि वेगवान नाडीत चूक होते. इसीजीवर पहिला आवाज आर लाटेनंतर लगेच आणि दुसरा टी लाटेच्या शेवटी येतो.

स्नॅप ऐकायला पडद्याची बाजू, म्हणजे डायफ्रॅम, टोकाचा ठोका आणि छातीचं हाड यांच्या मधल्या जागेवर दाबून ठेव. टोकाचा ठोका सहसा डावीकडच्या पाचव्या बरगडीच्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून उभी रेघ खाली आली की तिच्यावर सापडतो. आता शंका येईल की हा स्नॅप आहे की दुभंगलेला 'डब'? दुभंग वरती डावीकडच्या दुसऱ्या फटीत स्पष्ट असतो आणि श्वास आत घेताना वाढतो. स्नॅप खालीही ऐकू येतो. बाईला हळूच उभं केलंस तर अलिंदात येणारं रक्त कमी होऊन दाब थोडा उतरतो, चौथा छेद खाली सरकतो, आणि स्नॅप दुसऱ्या आवाजापासून लांब जातो. दम लागलेल्या बाईला मात्र हे करायला लावू नकोस.

स्नॅपनंतर येणारी गुरगुर, अरुंद तोंडातून रक्त खळखळत उतरण्याची, ही फार खोल सुराची असते आणि डायफ्रॅमला हुकते. त्यासाठी बेलची बाजू, टोकाच्या ठोक्यावर अगदी हलकी टेकवून, बाईला डाव्या कुशीवर वळवून, श्वास सोडल्यावर. बेल दाबून धरलीस तर कातडी ताणून तीच डायफ्रॅम होते आणि गुरगुर नाहीशी होते. विद्यार्थी 'मला काहीच ऐकू आलं नाही' म्हणतात ते पुष्कळदा या दाबण्यामुळे.